सुगरणीचा नर आपलाच खोपा का मोडतो?

प्रश्न: "सर, आमच्या शेतातल्या विहिरीवर बाभूळ झुकली आहे, तिच्यावर दरवर्षी सुगरणीचे खोपे असतात. नर किती दिवस खपून इतकं सुंदर घरटं विणतो. माद्या येतात, आत डोकावतात, निघून जातात. मग एखादा नर ते घरटं स्वतःच ओढून-तोडून खाली पाडतो. एवढी मेहनत करायची आणि मग मोडायची कशासाठी?"

थोडक्यात सांगायचं तर नर रागाने खोपा मोडत नाही. माद्या ज्या खोप्यात डोकावून जातात तो मुद्दाम अर्धा ठेवलेला असतो. तो आधी मादीला दाखवायचा आणि तिला पटला तरच पुरा करायचा, अशी ही पद्धत आहे. काही दिवसांत कुणालाच तो पटला नाही की त्यातली हिरवी पाती वाळतात, ठिसूळ होतात आणि तो खोपा दाखवण्याच्या लायकीचा राहत नाही. खोपा शिळा होतो, पण तो ज्या फांदीवर टांगला आहे ती फांदी मात्र चांगलीच असते. अशा वेळी जुनं काढून त्याच जागी ताजं विणणं नराच्या फायद्याचं ठरतं. आपल्याकडच्या सुगरणीत हे प्रत्येक वेळी घडत नाही, आणि विहिरीत पडलेला प्रत्येक खोपा नरानेच पाडलेला असतो असंही नाही. तो फरक कसा ओळखायचा ते पुढे सांगतो. त्याआधी खोपा कसा तयार होतो ते नीट बघू, कारण मोडण्याचं कारण त्या विणण्यातच आहे.

आपल्याकडे पुष्कळांना अजून वाटतं की खोपा मादी विणते. विणकाम जवळपास सगळं नराचं असतं. एरवी नर आणि मादी दोघंही चिमणीसारखी मातकट दिसतात, पण विणीच्या हंगामात नराचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते, आणि डोळ्यांभोवती, गळ्यावर गडद तपकिरी रंग चढतो. हा हंगाम पावसाला बांधलेला असतो. कोकणात मृग लागला की गवत वर येतं. सोलापूरकडे मृगात दोन सरी पडून नंतर महिना कोरडा गेला असं अनेकदा होतं, आणि जोराचा पाऊस उत्तरा-हस्तात येतो. म्हणून आपल्याकडे जून-जुलैत सुरू झालेलं विणकाम मध्येच थंडावतं आणि पाऊस परतला की पुन्हा जोर धरतं. लांब, रसरशीत पातं मिळाल्याशिवाय नराला काही करता येत नाही. पाणथळीचं उंच गवत, हिरवं कडवळ, उसाचं पान, शिंदीची झावळी, जे जवळ असेल ते तो वापरतो. ऊस आणि विहीर शेजारी असली की सुगरणींची वस्ती हमखास सापडते, त्याचं कारण हेच.

पातं तो तोडून आणत नाही, त्याची पट्टी सोलून आणतो. दुर्बीण लावून एकदा निवांत बघा. पानाच्या बुडाशी बसून तो कडेला चोचीने एक खाच पाडतो, खाचेच्या वरची कड घट्ट धरतो आणि तसाच शेंड्याच्या दिशेने उडतो. उडण्याच्या झटक्याने पानाची अरुंद, लांब पट्टी सोलत जाते आणि शेवटी सुटते. वीतभरापासून दीड-दोन फुटांपर्यंतची ही हिरवी पट्टी मागे फडफडत घेऊन तो झाडावर येतो. एका खोप्यासाठी अशा पाचशेपर्यंत फेऱ्या होतात.

पहिलं काम गाठीचं. फांदीच्या शेंड्यावर पट्टीचं एक टोक तो पायाखाली दाबतो, दुसरं टोक काटकीभोवती फिरवतो, वेढ्याखालून घालतो आणि पलीकडून ओढतो. ही खरीच गाठ असते, नुसतं गुंडाळणं नव्हे. बाभळीचे काटे इथे उपयोगी पडतात, कारण पट्टी घसरत नाही. गाठींचा गुच्छ पक्का झाला की त्यातून लोंबणारं देठ तयार होतं आणि देठाच्या खाली एक उभं कडं. कडं झालं की नर त्याच्या खालच्या काठावर बसतो आणि बसल्या जागेवरून विणत सुटतो. चोचीने पट्टीचं टोक विणीत खुपसायचं, सोडायचं, दुसऱ्या बाजूने पकडून ओढायचं, पुन्हा उलट्या दिशेने खुपसायचं. हातमागावर बसलेल्या सोलापूरच्या माणसाला यातलं वेगळेपण लगेच कळेल: आधी ताणा लावून मग बाणा फेकायचा असा प्रकार इथे नाही, प्रत्येक पट्टी तिच्या आधीच्या पट्ट्यांमध्ये स्वतःची वाट काढते. म्हणूनच पट्टी ओली आणि लवचिक असणं सक्तीचं आहे. वाळलेलं पातं वळवायला गेलं की मोडतं.

कड्याच्या एका बाजूला फुगीर छप्पर खाली उतरत जातं, दुसऱ्या बाजूलाही थोडं. आता त्याचा आकार उलट्या टोपासारखा दिसतो. खालून तो पूर्ण उघडा असतो आणि मधोमध कड्याचा खालचा काठ आडव्या दांडीसारखा राहतो. अभ्यासक या अवस्थेला हेल्मेट म्हणतात, आपण टोप म्हणू. पूर्ण खोप्याला साधारण अठरा दिवस लागतात, त्यातले आठेक दिवस या टोपात जातात. टोप झाला की नर थांबतो. तुमच्या बाभळीवर अर्धवट राहिल्यासारखे दिसणारे बरेचसे खोपे याच टप्प्यावर असतात.

थांबण्याचं कारण माद्या. त्या टोळीने वस्तीवर येतात. त्या क्षणी सगळ्या झाडावर गलका होतो. प्रत्येक नर आपापल्या टोपाला लटकून पंख फडफडवतो, चिटचिट करत शेवटी लांब, घशातून काढलेला "ची-ई-ई" असा स्वर लावतो. मादी एखाद्या टोपात शिरते, दांडीवर बसते, आतल्या विणीला चोच लावून ओढून बघते, दोन-चार धागे खेचते आणि बहुतेक वेळा निघून जाते. आवडलं तर ती परत परत येते, दांडीवर बसून राहते. मग जोडी जमते आणि नर पुन्हा कामाला लागतो. टोपाची एक बाजू खालून बंद करून अंड्यांची खोली करतो, दुसऱ्या बाजूने खाली उतरणारी प्रवेशाची नळी विणतो. नळी कुठे वीतभर असते, कुठे हातभर. आतलं हाताळणं, मऊ अस्तर घालणं यात मादीही हातभार लावते. मग ती दोन ते चार पांढरी अंडी घालते आणि एकटीच उबवते.

नर पुरा खोपा विणून मग मादीची वाट का पाहत नाही? एक कारण तर उघड आहे. नाकारला जाण्याची शक्यता मोठी असताना नळी आणि खोली यांची मेहनत आधीच खर्च करण्यात तोटा आहे. दुसरं कारण सलीम अली यांनी 1930 च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची वस्ती रोज पाहून नोंदवलं. एका मादीचा खोपा पुरा होऊन ती अंड्यांवर बसली की नर त्याच झाडावर दुसरा टोप विणायला घेतो, दुसरी मादी मिळवतो, आणि जमलं तर पुढे तिसरीही. म्हणजे एका हंगामात एकामागून एक संसार. त्यांचा हा अभ्यास 1931 मध्ये प्रसिद्ध झाला आणि सुगरणीबद्दलचे बरेच जुने समज त्याने बदलले. पिल्लांना भरवायला नर कधीकधी येतो, पण त्याचा मुख्य वेळ नव्या टोपात जातो. अशा पक्ष्याला अर्धा खोपा दाखवून निकाल घेणं सोयीचं पडतं.

मादी नेमकं काय तपासते, हा पुढचा मुद्दा. वीण जितकी सुबक तितकी मादी खूष, असं आपण गृहीत धरतो. सुहेल क्वादर यांनी सुगरणीच्या माद्यांच्या निवडीचा अभ्यास केला, तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं निघालं की खोपा कसा विणलाय यापेक्षा तो कुठे टांगलाय याला मादी जास्त किंमत देते. शेतात उभं राहून पाहिलं तर हे पटतं. जाड फांदीच्या बुडाशी असलेल्या खोप्यापर्यंत धामण सहज पोहोचते. शेंड्याच्या बारीक काटकीवर, विहिरीच्या पोकळीवर लोंबणाऱ्या खोप्याकडे जाताना काटकी वाकते आणि सापाला पकड मिळत नाही. वाऱ्याचाही हिशोब असतो. नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा झाडाच्या पश्चिम अंगाला झोडपतो, म्हणून आपल्या भागात बहुतेक खोपे झाडाच्या पूर्व बाजूला दिसतात. तुमच्या बाभळीला एकदा चक्कर मारून बघा.

जागेइतकंच महत्त्व ताजेपणाला आहे, आणि मोडण्याचा उलगडा इथे होतो. हे सगळ्यात स्वच्छ दिसलं ते सुगरणीच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदात, व्हिलेज वीव्हर नावाच्या पक्ष्यात. अमेरिकेतले निकोलस आणि एल्सी कोलियास या दांपत्याने त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आफ्रिकेत आणि मोठ्या पिंजऱ्यांत ठेवूनही. त्यांना दिसलं की माद्या हिरवी, ताजी घरटी पसंत करतात आणि तपकिरी पडलेली टाळतात. विणल्यापासून आठवडाभराच्या आसपास घरट्याचा हिरवा रंग उतरतो. तोपर्यंत ते कुणी घेतलं नाही तर नर बहुतेक वेळा ते स्वतः उसवून पाडतो आणि पुष्कळदा त्याच जागी नवीन विणतो. मादी नाकारते त्या क्षणी तो मोडत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नाकारल्यावरही तो अनेक दिवस त्याच घरट्याला लटकून दुसऱ्या माद्यांना बोलावत राहतो. मोडण्याची वेळ येते ती घरटं जुनं झाल्यावर.

ताज्या घरट्याचा मादीला काय उपयोग, हे आपल्या सुगरणीच्या हिशोबाने बघू. अंडी उबायला चौदा ते सतरा दिवस, पिल्लं उडायला आणखी सतराएक दिवस. म्हणजे खोली आणि नळी पुरी झाल्यावरही पाच आठवड्यांच्या आसपास खोप्याने पाऊस, वारा आणि पिल्लांचं वाढतं वजन सोसायचं आहे. आधीच दोन आठवडे उन्हापावसात लटकलेला टोप घेतला, तर पिल्लं सगळ्यात जड होतात त्या दिवसांत देठाच्या गाठी सर्वांत जुन्या असतील. हिरवा रंग म्हणजे विणीचं वय, आणि तो मादीला बाहेरूनच वाचता येतो. आत जाऊन धागे ओढून बघण्यालाही त्यामुळे अर्थ येतो.

नराच्या बाजूनेही बघा. वाळलेल्या टोपाची डागडुजी करता येत नाही का? थोडीफार येते, आणि नर हिरव्या पट्ट्या वरून घालतानाही दिसतात. पण जुन्या विणीत नवी पट्टी खुपसायची तर जुनी पट्टी बाजूला सरायला हवी. ती वाळली की सरत नाही, तुटते. जुन्या पट्ट्या काढून पुन्हा विणायलाही त्या चालत नाहीत, म्हणून मोडणारा नर त्या खाली टाकून देतो. चांगल्या काटक्या मोजक्याच आणि वस्तीतले नर अनेक, अशा झाडावर जुना टोप जागा अडवून बसतो.

याचं एक उदाहरण सांगतो. सोलापूरकडच्या वडाळ्याच्या बाजूला एका जुन्या दगडी विहिरीवर बाभूळ आहे, शेजारी ऊस आणि बांधावर कडवळ. तिथला एक नर मी एका हंगामात लक्ष ठेवून पाहिला. त्याच्या गळ्याचा गडद रंग एका बाजूला अर्धवटच चढला होता, त्यामुळे तो गर्दीतही ओळखू यायचा. जुलैच्या सुरुवातीला त्याचा पहिला टोप आतल्या बाजूला, मनगटाएवढ्या फांदीच्या फाट्यावर तयार झाला. माद्या येत, शिरत, निघून जात. त्याने तो मोडला नाही. तो तसाच पिवळा पडला, आणि नराने आपला मुक्काम बाहेरच्या शेंड्यांकडे हलवला. तिथे विहिरीवर लोंबणाऱ्या दोन काटक्या हातभर अंतरावर होत्या. पहिल्या काटकीवरचा टोप काही दिवसांतच एका मादीने घेतला. त्याची नळी पुरी करून लगेच त्याने दुसऱ्या काटकीवर विणायला घेतलं.

हा दुसऱ्या काटकीवरचा टोप अडकला. पाऊस थांबला होता, माद्यांची टोळी दोन-दोन दिवस फिरकत नव्हती. टोप आधी फिकट, मग पेंढ्याच्या रंगाचा झाला. एका सकाळी नर आतल्या दांडीवर बसला आणि टोपाच्या खालच्या कडेपासून पट्ट्या ओढायला लागला. एक पट्टी पकडायची, मान मागे झटकायची, सुटली की चोच उघडून खाली सोडायची. नवीन विणताना जी धीमी खुपसाखुपस दिसते तिचा इथे मागमूस नव्हता. मध्येच तो थांबून बाजूच्या काटकीवर पिसं साफ करायचा, परत यायचा. दुपारपर्यंत टोपाचं छप्पर गेलं आणि कडं उरलं. दुसऱ्या दिवशी कडंही गेलं. काटकीवर राहिला तो गाठींचा सुकलेला गुच्छ, त्याला त्याने हात लावला नाही. पुढे सप्टेंबरचा पाऊस आला, कापलेलं कडवळ पुन्हा फुटून वर आलं, आणि त्याच जुन्या गुच्छावर हिरव्या गाठी चढल्या.

फाट्यावरचा पहिला टोप तर याहून जुना, याहून वाळलेला होता. तो त्याने शेवटपर्यंत मोडला नाही. मोडण्याची मेहनत त्याने केली ती चांगल्या काटकीसाठी. वाईट जागेवरचा खोपा त्याने सोडून दिला, कारण ती जागा मोकळी करून त्याला काही मिळणार नव्हतं. एका नरावरून सगळ्या जातीचा नियम काढता येत नाही हे मान्य. पण जागेला मिळणारी पसंती आणि हिरवेपणाला मिळणारी पसंती या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की असंच वागणं अपेक्षित आहे. आपल्या सुगरणींमध्ये सोडून दिलेले टोप मोडलेल्या टोपांपेक्षा जास्त का दिसतात, तेही यातून समजतं. आफ्रिकेतल्या नातेवाइकाइतक्या नियमाने आपला नर खोपे पाडत नाही. पुष्कळ टोप तसेच लटकत राहतात, उन्हाळ्यात वाऱ्याने झिजतात, नाहीतर त्यात मुनिया येऊन राहतात.

आता तुम्ही पाहिलं ते खरंच नराने मोडणं होतं का, हे तपासायला हवं, कारण दुरून सारख्या दिसणाऱ्या तीन-चार गोष्टी या झाडावर चालू असतात. सगळ्यात जास्त चालते ती चोरी. शेजारचा नर मालक दाणे टिपायला गेला की येतो, एक पट्टी उसवतो आणि घेऊन जातो. ओळखण्याची खूण एकच आहे: पट्टी खाली पडली की नेली. मालक मोडतो तेव्हा पट्ट्या विहिरीत पडत राहतात. चोर पट्टी चोचीत धरून आपल्या कड्याकडे उडतो, आणि ती हिरवी असते, कारण वाळलेली चोरून त्याला काही करता येत नाही. म्हणून हिरवागार टोप उसवला जात असेल तर आधी शेजाऱ्यावर संशय घ्यावा. मालक परतला की आरडाओरडा आणि पाठलाग होतो, त्यावरूनही कळतं.

वादळाने पडलेला खोपा बहुतेक अख्खा पडतो, देठापाशी किंवा काटकीसकट तुटून. खाली सापडलेल्या खोप्याला काटकीचा तुकडा अडकलेला असेल तर तो नराने पाडलेला नाही. साप, कावळा किंवा उंदीर यांचा उपद्रव झाला असेल तर खोपा बहुधा पुरा झालेला असतो, नळी असते, आणि खोलीच्या बाजूला फाडलेलं भगदाड किंवा ओरबाडलेली नळी दिसते. अर्ध्या टोपाला फाडून शिकाऱ्याला काही मिळत नाही. मालकाने मोडलेल्या जागी मात्र काटकीवर गाठींचा गुच्छ शिल्लक राहतो, खाली सुट्या, वाळक्या, वाकड्या पट्ट्यांचा सडा असतो, आणि काही दिवसांत तोच नर तिथे परत दिसतो.

कोवळ्या नरांचा प्रकार आणखी वेगळा. पहिल्या-दुसऱ्या हंगामातले नर कडं विणतात, ते तिरकं होतं, सोडून देतात, दुसरीकडे नुसता गाठींचा गोळा करून ठेवतात. विणण्याची ओढ त्यांना उपजत असते, पण हात बसायला सराव लागतो. कोलियास दांपत्याने वाढत्या वयातल्या काही नरांना विणायला काहीच न देता वाढवलं, तर नंतर साहित्य मिळाल्यावर त्यांचं विणकाम फार कच्चं निघालं. तेव्हा झाडाच्या खालच्या, वाईट फांद्यांवर जे वेडेवाकडे गोळे दिसतात त्यांना मादीने नाकारलेले खोपे समजू नका. बऱ्याचदा तिथे मादी बघायलाही गेलेली नसते.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न बहुधा हाच येतो म्हणून सांगून टाकतो. टोपाच्या आतल्या भिंतीला चिखलाचे किंवा शेणाचे गोळे चिकटवलेले असतात. सुगरण त्यात काजवे रोवून रात्री उजेड करते, असं गावोगाव सांगतात. चिखल खरा आहे, आणि तो बहुतेक वेळा टोपाच्या टप्प्यावरच लावलेला असतो. दिव्यासारखे रोवलेले काजवे मात्र मी उघडून पाहिलेल्या एकाही जुन्या खोप्यात सापडलेले नाहीत, आणि दिवसा काम करून अंधार पडला की झोपणाऱ्या पक्ष्याला त्या उजेडाचा उपयोगही नाही.

पुढच्या पावसात तुम्हाला हे स्वतः बघायचं असेल तर विहिरीच्या दुसऱ्या कडेला, झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर सावलीत बसा. सकाळी उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंतचा वेळ सर्वांत चांगला. वहीत बाभळीचं साधं चित्र काढून प्रत्येक टोपाला क्रमांक द्या आणि दर दोन दिवसांनी त्याच्यापुढे फक्त रंग लिहा: हिरवा, फिकट, पेंढ्याचा. जोडीला मादी आत गेली का, नळी सुरू झाली का, पट्ट्या खाली पडत आहेत की नेल्या जात आहेत, एवढं टिपलं तरी पुरे. नळी असलेल्या खोप्याला हात लावू नका आणि बघायला सोपं व्हावं म्हणून फांदी खाली ओढू नका. आत पिल्लं असतील तर मादी चारा घेऊन वारंवार येते. विहिरीची मोटर दुरुस्त करायची किंवा बाभळीच्या फांद्या छाटायच्या असतील तर ते काम दिवाळी उलटेपर्यंत पुढे ढकला. आपल्याकडे परतीच्या पावसावर विणलेल्या उशिराच्या खोप्यांत ऑक्टोबरातही पिल्लं असू शकतात.